व्यापारीबद्ध टोकन

कार्डाच्या खऱ्या क्रमांकाऐवजी वापरला जाणारा आणि एकाच ठरलेल्या विक्रेत्याकडे चालणारा पर्यायी क्रमांक. इंटरनेटला जोडलेली मोटार, छपाईयंत्र, धुलाई यंत्र अशी साधने मालकाने दर वेळी कार्ड पुढे न करता पैसे भरतात तेव्हा बहुधा याच जातीचा क्रमांक वापरला जातो. दिसायला तो कार्डाच्या क्रमांकासारखाच असतो. आकडे तेवढेच असतात आणि शेवटचा पडताळणीचा आकडाही त्याच नियमाने काढलेला असतो. त्यामुळे दुकानदाराच्या बँकेची जुनी यंत्रणा काही बदल न करता तो पुढे पाठवू शकते. फरक कळतो तो व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या कार्ड जाळ्याच्या पातळीवर. हा क्रमांक कोणत्या खऱ्या कार्डाचा आहे याची नोंद फक्त तिथल्या तिजोरीत, म्हणजे सुरक्षित माहितीसाठ्यात, असते.

उगम : या कल्पनेचे जनकत्व कोणाचे याबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील ट्रस्टकॉमर्स या कंपनीने 2001 च्या सुमारास एका ग्राहक-संकेतस्थळासाठी कार्ड क्रमांकांऐवजी खुणेचे क्रमांक साठवण्याची सोय केली, असे सांगितले जाते. शिफ्ट4 या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने 2005 मध्ये ‘टोकनायझेशन’ हा शब्द उद्योगापुढे जाहीरपणे मांडला. बहुतेक संदर्भांत या दोघांपैकी एकाला मान दिलेला आढळतो. मात्र दोन्हीकडचे टोकन दुकान आणि त्याची मध्यस्थ सेवा यांच्यापुरतेच होते. पुढे बँकेकडे जाताना त्याचा पुन्हा खरा क्रमांक करावा लागे, आणि ते कोणत्या विक्रेत्याकडे चालावे हे कार्ड जाळ्याला माहीतही नसे.

‘एकाच विक्रेत्यापुरता क्रमांक’ हा जो गाभा आहे तो दुसऱ्या घराण्यातून आलेला दिसतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस डब्लिनच्या ऑर्बिसकॉम कंपनीने नियंत्रित क्रमांकांचे तंत्र बँकांना देऊ केले. त्यात ग्राहकाला खऱ्या खात्याला जोडलेला तात्पुरता क्रमांक मिळे आणि त्यावर रकमेची वा मुदतीची मर्यादा घालता येई. बँक ऑफ अमेरिकेच्या शॉपसेफ सेवेतील क्रमांक तर पहिल्यांदा ज्या दुकानात वापरला त्याच दुकानाला चिकटून राही. ऑर्बिसकॉम पुढे मास्टरकार्डने विकत घेतली. कार्ड जाळ्यांची सामाईक संस्था ईएमव्हीको हिने मार्च 2014 मध्ये टोकनांचा तांत्रिक आराखडा प्रसिद्ध केला. त्यातील वापरक्षेत्राच्या मर्यादांची कल्पना खुणेच्या क्रमांकांपेक्षा या आभासी कार्डांशी अधिक जुळते. नाव एका घराण्याचे, गुण दुसऱ्याचे, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

रचना : टोकन मागणाऱ्या प्रत्येक संस्थेला जाळ्याकडून 11 अंकी ओळख क्रमांक मिळतो. पहिले 3 अंक टोकन देणाऱ्या सेवेचे आणि उरलेले 8 त्या मागणाऱ्याचे असतात. तिजोरीतील नोंदीत टोकनासमोर खरे कार्ड, मागणारा, मुदत आणि वापराच्या अटी लिहिलेल्या असतात. भारतात रिझर्व्ह बँकेने या अटी दोन वेगवेगळ्या परिपत्रकांतून घातल्या, आणि यंत्रांच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा ठरतो. 8 जानेवारी 2019 च्या परिपत्रकानुसार टोकन हे कार्ड, मागणारा आणि उपकरण या तिघांच्या प्रत्येक जुळणीला वेगळे असते. सुरुवातीला ही सोय मोबाइल व टॅबलेटपुरती होती. ऑगस्ट 2021 मध्ये संगणक, घड्याळे आणि इंटरनेटला जोडलेली इतर उपकरणे तिच्यात आली. 7 सप्टेंबर 2021 च्या परिपत्रकाने दुसरी जात आणली. तिच्यात उपकरणाची जागा विक्रेत्याने घेतली : कार्ड, मागणारा आणि विक्रेता. 1 ऑक्टोबर 2022 पासून विक्रेत्यांना खरे कार्ड क्रमांक साठवण्यास मनाई झाली, आणि ऑनलाइन दुकानांत ‘कार्ड सुरक्षित करा’ अशी खूण करताना जे तयार होते ते हेच दुसरे टोकन.

थोडक्यात, पहिले टोकन यंत्राला ओळखते पण दुकानाला नाही. दुसरे दुकानाला ओळखते पण यंत्राला नाही. ‘माझ्या धुलाई यंत्राने फक्त अमुक दुकानातून साबण घ्यावा’ या इच्छेत दोन्ही अटी आहेत, आणि कोणतेही एक टोकन ती पूर्ण पाळत नाही. घरगुती साधनांत प्रत्यक्षात दुसऱ्या जातीचे टोकनच वापरतात. त्यामुळे ‘यंत्र पैसे भरते’ हा वाक्प्रचार जरा सैल आहे. यंत्र फक्त कळवते. पैसे विक्रेता ओढतो.

एका व्यवहाराचा प्रवास : समजा, नाशिकच्या एका घरात द्रव साबण आपोआप सोडणारे धुलाई यंत्र आहे. मालकिणीने विक्रेत्याच्या अ‍ॅपमध्ये कार्ड जोडले, तेव्हा बँकेचा ओटीपी आला आणि टोकन तयार झाले. टोकनाखेरीज कार्डाचे शेवटचे चार आकडे व बँकेचे नाव एवढेच विक्रेत्याकडे राहिले. काही आठवड्यांनी टाकीतील पातळी ठरलेल्या खुणेखाली गेली. यंत्राने आपला क्रमांक व पातळी एवढाच निरोप उत्पादकाच्या सर्व्हरला पाठवला. त्या निरोपात रक्कम नाही, टोकनही नाही. सर्व्हरने तो विक्रेत्याला दिला आणि विक्रेत्याने 780 रुपयांची मागणी नोंदवून आपल्याकडचे टोकन बँकेमार्फत जाळ्याकडे पाठवले. ग्राहक समोर असताना टोकनासोबत त्या एका व्यवहारापुरती सांकेतिक मुद्राही जाते. ग्राहकाच्या गैरहजेरीत विक्रेत्याने उचललेल्या मागणीत ती बहुधा नसते. तिच्या जागी ग्राहकाने पूर्वी संमती दिलेल्या पहिल्या व्यवहाराचा संदर्भ दिला जातो.

जाळ्याने तिजोरीत पाहिले : टोकन चालू आहे का, मागणारा तोच आहे का, विक्रेता तोच आहे का? तिन्ही जुळल्यावरच खरा कार्ड क्रमांक घालून मागणी कार्ड देणाऱ्या बँकेकडे गेली. बँकेने शिल्लक व ग्राहकाची संमती तपासली. उत्तर परतताना क्रमांकाचे पुन्हा टोकन झाले. हेच टोकन कोणी चोरून दुसऱ्या दुकानात वापरले, तर मागणी तिसऱ्या प्रश्नाशीच अडते. खात्यात किती पैसे आहेत हे विचारण्यापर्यंत गोष्ट जातच नाही.

मर्यादा : टोकन ‘कुठे’ हे बांधते. ‘किती’ आणि ‘केव्हा’ हे बांधत नाही. टाकीतील पातळी दाखवणारा भाग बिघडून यंत्राने आठवड्यात तीनदा साबण मागवला, तरी टोकनाच्या दृष्टीने तिन्ही मागण्या निर्दोष आहेत, कारण विक्रेता तोच आहे. ही वेसण संमतीच्या नियमांत असते. भारतात आवर्ती वसुलीसाठी ग्राहकाने आगाऊ मंजुरी नोंदवावी लागते. रक्कम बदलती असेल तर कमाल रक्कम ठरवावी लागते आणि वसुलीआधी निदान 24 तास सूचना यावी लागते. ओटीपीशिवाय वसुलीची सर्वसाधारण मर्यादा जून 2022 पासून 15,000 रुपये आहे. मात्र हे नियम महिन्याच्या वर्गणीसारख्या ठरावीक काळाने येणारी वसुली समोर ठेवून लिहिले गेले, आणि साबण काही तारीख पाहून संपत नाही.

असाच प्रश्न फास्टॅगचा होता. खालापूरच्या नाक्यावर काचेवरच्या पट्टीतून टोल जातो तो आधी भरून ठेवलेल्या शिलकीतून. त्याला टोकन म्हणणे चूक आहे. पण शिल्लक कमी होताच कार्डावरून भरणा व्हायचा असेल तर त्याची तारीख ठरलेली नसते. ऑगस्ट 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने फास्टॅग व राष्ट्रीय सामाईक प्रवास कार्ड यांच्या अशा भरण्याला मंजुरीच्या चौकटीत घेतले आणि 24 तासांच्या पूर्वसूचनेतून सूट दिली. साबणाची टाकी त्या सवलतीत बसवलेली नाही. युरोपात संमतीचा प्रश्न न्यायालयात गेला. बटण दाबताच ठरलेली वस्तू मागवणारे अ‍ॅमेझॉनचे डॅश बटण दाबताना किंमत दिसत नाही, म्हणून म्युनिकच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ग्राहक कायद्याविरुद्ध ठरवले. तिथे निदान माणसाचे बोट तरी होते.

यंत्र विकले जाते तेव्हाची गफलत सर्वांत चमत्कारिक. टोकनाच्या नोंदीत यंत्र नसल्याने ते जुन्या मालकिणीच्या खात्याशीच राहते. यंत्र मूळ स्थितीत न आणता दुसऱ्या घरी गेले, तर तिथला साबण संपल्यावर पैसे तिचे जातात, आणि बाटली बहुधा तिच्याच जुन्या पत्त्यावर येते. गफलत ओळखण्याची पहिली खूण हीच. बँकेने आपल्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर कोणत्या विक्रेत्यांकडे कार्डाचे टोकन आहे याची यादी दाखवावी व तिथूनच ते रद्द करू द्यावे, असा नियम आहे. यादीत विक्रेत्याचे नाव असते, यंत्राचे नसते. दुसरी खूण कार्ड बदलल्यावर दिसते. परदेशात नव्या कार्डाला जुने टोकन अनेकदा परस्पर जोडले जाते. भारतात त्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, म्हणून कार्डाची मुदत संपली की मागणी मुकाट्याने नाकारली जाते आणि टाकी रिकामी राहते.

मोटारी : मोटारीत ‘एक विक्रेता’ ही अटच डळमळते. होंडा व व्हिसा यांनी जानेवारी 2017 मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात मोटारीतून इंधन व पार्किंगचे पैसे भरण्याचे प्रात्यक्षिक दाखवले. जग्वार व शेल यांची सेवा त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सुरू झाली, पण तिथे पैसे पेपाल वा अ‍ॅपल पे मधून जात. पाटी एकच असली तरी पेट्रोल पंप अनेकदा वेगवेगळ्या मालकांचे असतात आणि प्रत्येकाचा बँकेकडचा विक्रेता क्रमांक वेगळा असतो. काटेकोर व्यापारीबद्ध टोकन त्यामुळे एकाच पंपावर चालेल. यावर काढलेली तोड अशी, की कागदोपत्री विक्रेता मोटार कंपनी किंवा तिची भरणा सेवा ठरते आणि पंपाचा हिशेब ती मागून चुकता करते. कुलूप राहते, पण आत अख्खा बाजार येतो. ‘एका विक्रेत्यापुरते’ या शब्दांचे वजन इथे बरेच घटते, हे जाहिरातींत सहसा येत नाही.

इंधनाची रक्कम आधी ठाऊक नसते, हीही अडचण आहे. म्हणून प्रथम अंदाजे रक्कम राखून ठेवतात व नळी परत अडकवल्यावर खरी रक्कम उचलतात. राखलेली रक्कम सुटायला वेळ लागला की ग्राहकाला पैसे दोनदा गेल्यासारखे वाटते. मर्सिडीझने 2023 मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या सेवेत चालक गाडीतील संवेदकावर बोट टेकवतो, म्हणजे इथे माणूस पुन्हा साखळीत आला आहे. विजेच्या मोटारींची ‘जोडा आणि भरा’ पद्धत मात्र या नोंदीच्या कक्षेत येत नाही. आयएसओ 15118 नुसार गाडीत कराराचे प्रमाणपत्र असते, वायर जोडताच ते चार्जिंगच्या खांबाला दिले जाते आणि बिल करार करणाऱ्या कंपनीकडे जाते. तिथे गाडीला स्वतःची ओळख असते, कार्डाचा क्रमांक मात्र खांबापर्यंत येतच नाही.