दुधाचे पाश्चरीकरण

दूध उकळीच्या खालच्या ठरावीक तापमानाला तापवून, त्याच तापमानाला ठरावीक वेळ धरून ठेवून लगेच थंड करण्याची प्रक्रिया. क्षयाचे व इतर रोगांचे जंतू यात मरतात. दूध मात्र निर्जंतुक होत नाही. सध्या दोन जोड्या प्रचलित आहेत : ६३° से.ला ३० मिनिटे (टाकीतील पद्धत) आणि ७२° से.ला १५ सेकंद (सलग वाहत्या दुधाची पद्धत).

लुई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या दशकात वाइन खराब होऊ नये म्हणून ती तापवण्याचे प्रयोग केले. त्यावरून हे नाव पडले. दुधासाठी ही रीत सुचवण्याचे श्रेय सामान्यतः जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फोन सॉक्सलेट (१८८६) यांना देतात. दूध तापवून टिकवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. पण ‘ठरावीक तापमान, ठरावीक वेळ’ हा प्रक्रियेचा गाभा मानला, तर तो १९०० च्या आसपासच्या क्षयजंतूंवरील कामातून सिद्ध झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

त्या काळी क्षयाचा जंतू दुधात नेमका कधी मरतो यावर निष्कर्ष जुळत नव्हते. कोणाला ६०° से.ला पंधरा-वीस मिनिटे पुरेशी वाटत, तर कोणाला तासाभरानेही जिवंत जंतू सापडत. थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९९ मध्ये याचा उलगडा केला. उघड्या भांड्यात दूध तापवले की वर साय धरते. खालच्या दुधातले जंतू पंधरा-वीस मिनिटांत मरतात, पण सायीत अडकलेले तासभरही तग धरू शकतात. तापमापी दुधात बुडालेला असतो, त्यामुळे वरच्या थराचे तापमान त्याला कळतच नाही. पाश्चरीकरणाची टाकी झाकणबंद असते, दूध सतत ढवळले जाते आणि दुधावरची हवाही दुधापेक्षा सुमारे ३° से. जास्त गरम ठेवतात, ती यामुळेच. फेस आला की तीच अडचण पुन्हा उभी राहते.

पुढे क्यू-ज्वराचा जंतू (कॉक्सिएला बर्नेटी) दुधातील रोगजंतूंपैकी उष्णतेला अधिक दाद न देणारा ठरला. त्याला धरून १९५६ च्या सुमारास अमेरिकेत टाकीचे तापमान ६१.७° वरून ६२.८° से.वर नेले गेले. इतक्या अल्प वाढीची गरज का पडली, हे पुढील हिशेबावरून कळते.

तापमान व वेळ यांचा संबंध. जंतू एका क्षणी सगळे मरत नाहीत. एका तापमानाला दर ठरावीक वेळात उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा मरतो. तापमान वाढले की तीच मर कितीतरी कमी वेळात होते. ६३° से.ला १,८०० सेकंद लागतात आणि ७२° से.ला १५, म्हणजे ९ अंशांत वेळ १२० पट घटली. यावरून एक अंश तापमान कमी झाले की वेळ सुमारे १.७ पट लागते. ७१° से.ला साधारण २६ सेकंद, ७०° से.ला ४३ सेकंद, ६८° से.ला दोन मिनिटांहून थोडे जास्त.

उदाहरण घेऊ. ७२° से.ला १५ सेकंदांत एक लाख जंतूंपैकी एकच उरतो, असे समजा. यंत्रावर तापमान ७०° से.पर्यंत घसरले आणि वेळ १५ सेकंदच राहिली, तर प्रक्रिया फक्त तिसऱ्या हिश्श्याइतकी होते आणि लाखातले जवळजवळ १,९०० जंतू उरतात. दोन अंशांचा फरक हाताला लागत नाही आणि चवीतही उतरत नाही. म्हणून नुसते ‘७२ ला तापवले’ किंवा नुसते ‘अर्धा तास ठेवले’ या म्हणण्याला अर्थ नाही.

धारण-नळी. सलग पद्धतीत पातळ पोलादी पत्र्यांच्या उष्णता-विनिमयकातून दूध तापते आणि पुढच्या लांब नळीत १५ सेकंद काढते. तासाला ५,००० लिटर दूध जात असेल, तर या नळीत सुमारे २१ लिटर मावले पाहिजे. पण नळीच्या मध्यातले दूध कडेच्या दुधापेक्षा पुढे धावते. वेळ मोजायची ती सगळ्यात वेगवान थेंबाची, म्हणून नळी हिशेबापेक्षा लांब घेतात. उत्पादन वाढवण्यासाठी पंपाचा वेग ६,००० लिटरवर नेला, तर त्याच २१ लिटर नळीत सरासरी वेळ साडेबारा सेकंदांवर येते आणि तापमापी मात्र ७२ च दाखवतो. प्रत्यक्षात सापडणारी ही एक लबाड चूक आहे. त्यासाठी वेग ठरवून पंप सीलबंद करतात. नळीला वर चढता उतार देतात, कारण अडकलेली हवा जागा खाते आणि दूध लवकर बाहेर पडते.

तापमापी नळीच्या शेवटी हवा, सुरुवातीला नव्हे. तिथे तापमान कमी भरले की वळण-झडप दूध परत कच्च्या दुधाच्या टाकीकडे फिरवते. येणारे थंड कच्चे दूध आणि जाणारे गरम दूध पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहतात व उष्णता वाचते. मात्र पत्र्याला बारीक चीर गेली तर कच्चे दूध पाश्चरीकृत दुधात मिसळण्याचा धोका असतो. म्हणून पाश्चरीकृत बाजूचा दाब नेहमी जास्त ठेवतात.

थंड करणे. बॅसिलस गटातील जंतूंचे बीजाणू आणि काही उष्णतासह जंतू पाश्चरीकरणातून वाचतात. उष्णतेने काही बीजाणूंना उलट जाग येते. सुमारे २०° ते ४५° से. या पट्ट्यात त्यांची वाढ जोरात होते. दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट झाली, तर चार तासांत २५६ पट. दूध झटकन ४° से.च्या आसपास आणायचे ते हा पट्टा लवकर ओलांडण्यासाठी. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते.

मुंबईत ही पायरी अवघड असते. नळाचे पाणी बहुतेक वर्षभर कोमट, २८° से.च्या आसपास. त्याने टाकी थंड केली, तर दूध ३२-३३° से.ला येऊन थांबते, म्हणजे नेमके नको तिथे. २०० लिटर दूध ३३° वरून ४° से.ला न्यायला बर्फाच्या हिशेबाने सुमारे ७० किलो बर्फ लागतो, आणि तोही टाकीच्या बाहेरच्या पाण्यात, दुधात नव्हे. १९४५ च्या सुमारास मुंबईसाठी दूध आणंदहून, सव्वाचारशे किलोमीटर रेल्वेने, पाश्चरीकृत व थंड करून आणले जाऊ लागले. तिथे गारवा टिकवणे हाच कळीचा भाग होता. पुढे १९४९ मध्ये वसवलेल्या आरे वसाहतीत तबेल्यांतील म्हशी नेण्यात आल्या आणि दूध शहराजवळ आले.

चाचण्या. कच्च्या दुधातले फॉस्फटेज हे विकर क्षयजंतूपेक्षा किंचित अधिक उष्णतेने निष्क्रिय होते. ते उरले असेल तर तापमान किंवा वेळ कमी पडली, नाहीतर कच्चे दूध मिसळले. पण दूध नंतर किती वेळ गरम पडून होते, हे ही चाचणी सांगत नाही. पाश्चरीकृत पिशव्या पहाटे दुकानापुढच्या क्रेटमध्ये तासन्‌तास राहिल्या, तरी फॉस्फटेज चाचणी उत्तीर्णच दाखवते. त्यासाठी मिथिलिन ब्लूची चाचणी घेतात. निळा रंग टाकून दूध ३७° से.ला ठेवायचे आणि जंतू वाढले असतील तितक्या लवकर तो रंग उडतो.