अर्ध्यावर थांबलेल्या चाचणीचा आकडा

1990 च्या दशकात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने रक्ताच्या कर्करोगावर एक मोठी चाचणी चालवली होती. नाव एएमएल-12. तिच्यातला एक प्रश्न अगदी साधा होता: अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाला केमोथेरपीचे चार कोर्स पुरतात की पाचवा दिल्याने फायदा होतो? कोणाला चार, कोणाला पाच हे यदृच्छ पद्धतीने ठरत होतं. चाचणी चालू असताना आकडे फक्त एक स्वतंत्र देखरेख समिती पाहत असे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते कळत नसत.

सुरुवातीच्या एका तपासणीत समितीसमोर जे आलं ते थक्क करणारं होतं. पाच कोर्स घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 53 टक्क्यांनी कमी दिसत होता. पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने निदान इतका फरक दिसण्याची शक्यता, होती 0.003. दोन्ही गटांतले मिळून मृत्यू तेव्हा शंभराच्या आत होते. पुढच्या तपासणीतही 45 टक्के घट दिसली, पी-व्हॅल्यू 0.002. अशा वेळी चाचणी पुढे चालवणं म्हणजे अर्ध्या रुग्णांना जाणूनबुजून कमी उपचार देणं, असं कोणालाही वाटेल. समितीने मात्र चाचणी थांबवली नाही. चार कोर्स झाल्यावर एका जादा कोर्सने मृत्यू निम्म्यावर येतील, हे तिला वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखं नव्हतं. रुग्ण वाढत गेले तसा फरक ओसरत गेला. शेवटी हजाराहून थोड्या जास्त रुग्णांचा हिशोब झाला, तेव्हा पाच कोर्सचा काहीच फायदा उरला नव्हता. उलट त्या गटात मृत्यू किंचित जास्तच होते, अर्थात योगायोगाने होऊ शकतील इतकेच.

आकडेवारीत कोणी लबाडी केली नव्हती. दोन गटांमधला फरक सुरुवातीला, म्हणजे मृत्यू थोडे असताना, खूप हेलकावे खातो. त्यातला एखादा हेलकावा नेमका आपल्याला हव्या त्या दिशेला असताना चाचणी थांबवली, तर तोच ‘निष्कर्ष’ म्हणून छापला जातो. मतमोजणीत आपला उमेदवार ज्या फेरीत सर्वांत पुढे असेल त्याच फेरीला मोजणी बंद करून आघाडी जाहीर करण्यासारखं हे आहे.

म्हणूनच मधल्या तपासण्यांसाठी आधीच कडक सीमा ठरवतात. औषधाचा मुळीच परिणाम नसताना पाच वेळा आकडे पाहिले आणि दर वेळी नेहमीची 0.05 ची कसोटी लावली, तर कधी ना कधी ‘यश’ दिसण्याची शक्यता 5 टक्क्यांवर न राहता 14 टक्क्यांच्या आसपास जाते. यावर हेबिटल आणि पेटो यांचा तोडगा असा, की मधल्या तपासणीत पी-व्हॅल्यू 0.001 च्या खाली गेली तरच थांबायचं. ओब्रायन-फ्लेमिंगची सीमा सुरुवातीला याहूनही कडक असते आणि शेवटाकडे सैल होत नेहमीच्या कसोटीजवळ येते. पोकॉकची सीमा प्रत्येक तपासणीला सारखीच. पाच तपासण्या असतील तर दर वेळी साधारण 0.016. म्हणजे एएमएल-12 चे ते दोन आकडे हेबिटल-पेटोच्या सीमेत अडकले असते आणि पोकॉकच्या सीमेतून आरामात पार झाले असते.

इथे बऱ्याच जणांची, कधीकधी लेखकांचीही, एक समजूत होते: सीमा पाळून थांबलो, तर आकडा खरा. सीमा फक्त ‘परिणाम आहे की नाही’ या प्रश्नातली चूक आवाक्यात ठेवते. परिणाम किती मोठा आहे, याची हमी ती देत नाही. एक हिशोब करून पाहू.

समजा नव्या औषधाने मृत्यूचा धोका खरोखर 20 टक्क्यांनी कमी होतो. दोन्ही गट सारखे आहेत, एकूण 400 मृत्यूंपर्यंत थांबायचा बेत आहे आणि पहिली तपासणी 100 मृत्यूंनंतर आहे. सरासरीने तेव्हा नव्या औषधाच्या गटात 44 आणि दुसऱ्या गटात 56 मृत्यू असतील. 0.05 ची सैल कसोटी लावली तर थांबण्यासाठी 40 विरुद्ध 60 इतका तरी फरक हवा. अशा पाचातल्या साधारण एका चाचणीत योगायोगाने तो दिसेल, चाचणी थांबेल आणि शोधनिबंधात किमान 33 टक्के घट छापली जाईल. 0.001 ची कसोटी लावली तर 33 विरुद्ध 67 हवेत. हे शंभरातून एखाद-दुसऱ्या चाचणीतच घडेल, पण घडलं की छापलेली घट असेल किमान 51 टक्के. त्या वेळी थांबलेल्या एकाही चाचणीला खरा 20 टक्क्यांचा आकडा सांगताच येणार नाही, कारण 20 टक्के दिसत असते तर ती थांबलीच नसती. सीमा जितकी कडक, तितकं लवकर थांबणं दुर्मीळ. आणि थांबलीच, तर फुगवटा तितका मोठा.

400 मृत्यूंजवळ थांबलेल्या चाचणीत हा फुगवटा फारसा उरत नाही. म्हणून निबंध वाचताना मी आधी एकूण किती मृत्यू किंवा झटके नोंदले गेले ते शोधतो, रुग्णसंख्या नंतर. पाच हजार रुग्ण आणि साठ घटना असतील तर चाचणी छोटीच.

अडचण अशी की ही माहिती पुष्कळदा निबंधात सापडत नाही. व्हिक्टर मोंतोरी आणि सहकाऱ्यांनी 2005 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात, फायदा दिसला म्हणून लवकर थांबलेल्या 143 चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांतल्या 135 निबंधांत चार मूलभूत गोष्टींपैकी निदान एक तरी गायब होती: मूळ बेत किती रुग्णांचा होता, कोणत्या मधल्या तपासणीनंतर थांबले, ते ठरलेल्या नियमानुसार होतं का, आणि या सगळ्याची दुरुस्ती करून काढलेला निकाल. अर्ध्या चाचण्यांत घटना 66 किंवा त्याहून कमी होत्या. चाचण्यांचे निबंध कसे लिहावेत हे सांगणाऱ्या कॉन्सॉर्टच्या 2010 च्या नियमावलीत मधल्या तपासण्या, थांबण्याचे निकष आणि चाचणी का संपली हे सांगण्याची स्वतंत्र कलमं आहेत. पण ‘समितीच्या शिफारशीवरून चाचणी लवकर थांबवली’ या एका वाक्यावर ती उरकता येतात. किती तपासण्या ठरल्या होत्या आणि किती झाल्या, त्या तारखेनुसार होत्या की घटनांच्या संख्येनुसार, सीमा आकडे पाहण्याआधी लिहिली होती का, हे त्या वाक्यातून कळत नाही. आयत्या वेळी घातलेली तपासणी आणि ठरलेली तपासणी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. चाचणीचा आराखडा आधी नोंदवलेला असेल तर तो निबंधाशेजारी ठेवून पाहिल्यावर असा बदल पकडता येतो.

2010 मध्ये बास्लर आणि सहकाऱ्यांनी लवकर थांबलेल्या 91 चाचण्या त्याच प्रश्नांवरच्या, लवकर न थांबलेल्या 424 चाचण्यांशी ताडून पाहिल्या. थांबलेल्यांतला सापेक्ष धोका दुसऱ्यांच्या सरासरी 0.71 पट निघाला. सोप्या भाषेत, पूर्ण चाचण्या 20 टक्के घट सांगत असतील तिथे थांबलेल्या साधारण 43 टक्के सांगत होत्या. हा फुगवटा 500 पेक्षा कमी घटना असलेल्या चाचण्यांत सर्वांत जास्त होता.

यावर काही संख्याशास्त्रज्ञांनी रास्त हरकत घेतली. ज्या चाचण्या थांबल्या नाहीत, त्यांच्यात योगायोगाने कमी परिणाम दिसलेल्या जास्त असणारच, म्हणजे त्यांचा आकडा उलट्या बाजूला झुकलेला. त्यामुळे सगळ्या चाचण्यांची बेरीज करताना लवकर थांबलेल्या वगळल्या, तर औषध आहे त्यापेक्षा दुबळं दिसेल. दोन्ही प्रकार एकत्र धरले तर फुगवटा बराचसा जिरतो, कारण लवकर थांबलेल्या चाचणीत घटना थोड्या असतात आणि बेरजेत तिचं वजनही तितकंच कमी पडतं.