‘पगारा’तला ‘गार’: ग्राहकांच्या अभिप्रायांचा तक्ता कसा तयार होतो

गिरगावात एक पोळी-भाजी केंद्र आहे आणि तिथून फोर्ट, चर्चगेटच्या कचेऱ्यांमध्ये दुपारचे डबे जातात, असे समजू. महिनाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकांचे १६० अभिप्राय आले आहेत. केंद्र चालवणाऱ्या बाईंना एका पानात हे हवे आहे: लोक कशाबद्दल बोलतात, किती जण बोलतात आणि त्यांच्याच शब्दांत काय म्हणतात. हे उदाहरण आणि त्यातील आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. मात्र त्यात येणाऱ्या अडचणी असे काम करणाऱ्या प्रत्येकाला भेटतात.

हिशेब पाहणारा बाईंचा भाचा सर्वांत सोपा मार्ग धरतो. तो सारे अभिप्राय एक्सेलच्या एका रकान्यात उतरवतो आणि ‘डबा गार येतो’ ही तक्रार मोजण्यासाठी पुढील सूत्र लिहितो.

```
=COUNTIF(B2:B161,"*गार*")
```

सूत्र आपले काम चोख करते आणि म्हणूनच फसवते. अक्षरांच्या ओळीत ‘गार’ कुठेही सापडले की ते एक धरते, त्यामुळे ‘पगार झाला की महिन्याचे पैसे देतो’ हा निरोपही गार जेवणाच्या तक्रारीत जमा होतो, आणि ‘आमच्या कामगारांसाठी आणखी चार डबे लावा’ हाही. उलट ‘भात थंड होता’, ‘आमटी कोमट’, ‘जेवण गरम नव्हते’ आणि रोमन अक्षरांत आलेले सगळे मजकूर निसटतात. ‘गरम’ हा शब्द शोधावा, तर ‘गरमागरम जेवण मिळाले’ ही स्तुती आणि ‘गरम नव्हते’ ही तक्रार एकाच ढिगात पडतात. मराठीत आणखी एक खाच आहे. शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की त्याचे मूळ रूपच बदलू शकते. ‘उशीर’ शोधणाऱ्याला ‘उशिरा’ सापडत नाही, कारण दीर्घ ‘शी’ तिथे ऱ्हस्व झालेली असते. त्यामुळे शब्दशोधाचा उपयोग वाचनाला मदत म्हणून करावा, मोजणी म्हणून नव्हे. दीडशे-दोनशे अभिप्राय असतील तर ते सरळ वाचून काढणे हाच कमी कष्टाचा मार्ग ठरतो.

वाचतानाही गटांची नावे आधी ठरवून बसू नये. नेपाळमध्ये क्षेत्रकार्य केलेले जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी आपल्या टिपणांच्या राशीला आकार देण्यासाठी एक पद्धत रूढ केली, जी त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘केजे पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात एकेक टिपण स्वतंत्र कार्डावर लिहितात, एकमेकांच्या जवळची वाटणारी कार्डे शेजारी ठेवतात आणि ढीग तयार झाल्यावरच त्याला नाव देतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘चव, वेळ, किंमत’ अशी नावे आधी लिहिली, तर डब्यातून आमटी गळते ही तक्रार कुठे तरी कोंबली जाते आणि तक्त्यात दिसतच नाही. पहिले चाळीस-पन्नास अभिप्राय असे मोकळेपणाने वाचले की गटांचा अंदाज येतो, आणि मग प्रत्येक गटाची व्याख्या लिहून ठेवता येते.

व्याख्या लिहिण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे आपण मोजतो आहोत काय. एकाच ग्राहकाने एकाच दिवशी एकच तक्रार तीन निरोपांत पाठवली, तर ती एकच धरायला हवी. असे १० जादा निरोप एकत्र केल्यावर आपल्या १६० चे १५० अभिप्राय उरतात. दुसरीकडे ‘डबा उशिरा आला आणि आमटी सांडली होती, पण भाजी उत्तम’ या एकाच अभिप्रायात तीन विषय आहेत. त्याला एकाच गटात टाकायचे म्हटले, तर वाचणाऱ्याला जो विषय आधी दिसतो तो जिंकतो. म्हणून एक्सेलमध्ये प्रत्येक अभिप्रायाला एक ओळ आणि प्रत्येक गटाला एक रकाना द्यावा, आणि विषय असेल तिथे १, नसेल तिथे ० लिहावे. मग गटांची बेरीज अभिप्रायांच्या संख्येपेक्षा जास्त येईल आणि टक्केवारी शंभराच्या वर जाईल. ते बरोबरच आहे, फक्त तक्त्याखाली तसे स्पष्ट लिहायला हवे.

खरा प्रश्न गटांच्या सीमांचा असतो. बाई आणि भाचा यांनी तेच ५० अभिप्राय एकमेकांचे न पाहता वाचले आणि ‘डबा गार’ या रकान्यात आपापल्या खुणा केल्या, असे समजू. दोघांनीही ‘आहे’ म्हटलेले अभिप्राय १४, दोघांनीही ‘नाही’ म्हटलेले २८, फक्त बाईंनी धरलेले ६ आणि फक्त भाच्याने धरलेले २ निघाले. म्हणजे ५० पैकी ४२ ठिकाणी, ८४ टक्के, एकमत झाले. आकडा दिसायला चांगला आहे. पण बहुतेक अभिप्राय ‘नाही’चेच असल्यामुळे डोळे मिटून खुणा केल्या तरी बरेचसे एकमत होणारच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये हा योगायोगाचा भाग वजा करण्याची रीत दिली, आणि तिच्यातून येणाऱ्या आकड्याला कॅपा म्हणतात.

बाईंनी ५० पैकी २० अभिप्रायांत, म्हणजे ४० टक्क्यांत, ‘आहे’ म्हटले आणि भाच्याने १६ मध्ये, म्हणजे ३२ टक्क्यांत. केवळ योगायोगाने दोघे ‘आहे’वर जुळण्याची शक्यता ०.४० गुणिले ०.३२, म्हणजे ०.१२८, आणि ‘नाही’वर जुळण्याची ०.६० गुणिले ०.६८, म्हणजे ०.४०८. दोन्ही मिळून ०.५३६. प्रत्यक्ष एकमत ०.८४ होते. योगायोगाच्या वर जेवढी जागा उरते, तिच्यातला किती भाग दोघांनी मिळवला, हे कॅपा सांगते:

```
(0.84 - 0.536) / (1 - 0.536) = 0.66
```

१ म्हणजे पूर्ण एकमत आणि ० म्हणजे निव्वळ योगायोग. ०.६६ वाईट नाही, पण ज्या आकड्यावरून भांडी बदलायची की पोचवणारा माणूस वाढवायचा हे ठरणार आहे, त्याच्यासाठी मला तो पुरेसा वाटत नाही. यानंतर कॅपाकडे पाहत बसण्यापेक्षा ते आठ मतभेदाचे अभिप्राय समोर ठेवणे अधिक फलदायी ठरते.

त्यांपैकी चार अभिप्राय ‘डबा दीडला आला, तोवर भूक मेली’ अशा धर्तीचे होते.

“अरे, दीडला पोचलेला डबा गारच असणार ना,” बाई म्हणाल्या.

“असेल मावशी, पण त्यांनी तसे लिहिलेले नाही,” भाचा म्हणाला.

भाच्याचे बरोबर होते. बाई स्वयंपाकघर ओळखून असल्यामुळे त्यांनी कारणापर्यंत उडी घेतली होती, आणि मोजायचे होते ते ग्राहकाचे शब्द. दोन अभिप्रायांत ‘भात पुन्हा गरम करावा लागला’ असे होते. तिथे ‘गार’ हा शब्द नसला तरी अर्थ उघड आहे आणि बाईंची खूण योग्य होती. उरलेले दोन ‘ताक गार नव्हते’ असे म्हणणारे होते आणि भाच्याने ते तापमानाची तक्रार म्हणून याच रकान्यात धरले होते! त्यावरून व्याख्या अशी ठरली: गरम खायचा पदार्थ गरम नव्हता असे ग्राहकाच्या शब्दांतून थेट कळत असेल तरच खूण करावी, केवळ उशिरावरून तर्क करू नये, ताक, दही, कोशिंबीर यांची तक्रार इथे धरू नये. मग दोघांनी नवे ५० अभिप्राय वाचले. नवे घेणे आवश्यकच असते, कारण ज्यांवर वाद घातला त्यांवरच पुन्हा एकमत मोजले तर ते पाठांतर ठरेल. या वेळी दोघांनी १७ ठिकाणी ‘आहे’ आणि ३१ ठिकाणी ‘नाही’ म्हटले, व एकेक खूण वेगळी निघाली, कॅपा ०.९१ आले. पहिले ५० अभिप्राय नव्या व्याख्येने पुन्हा तपासल्यावर आणि उरलेले वाचून झाल्यावर तक्ता असा दिसला.

| विषय | अभिप्राय (१५० पैकी) | टक्के | ग्राहकांच्या शब्दांत |
|---|---|---|---|
| डबा उशिरा येतो | ४५ | ३० | ‘साडेबाराची वेळ ठरली असताना या आठवड्यात दोनदा एक वाजून गेला.’ |
| चव आवडली | ३९ | २६ | ‘उसळ अगदी घरच्यासारखी.’ |
| जेवण गार असते | ३६ | २४ | ‘डबा उघडला तेव्हा आमटी आणि भात दोन्ही गार होते.’ |
| तेल किंवा तिखट जास्त | २७ | १८ | ‘भाजीवर तेलाचा तवंग असतो, थोडे कमी घाला.’ |
| डबा गळतो | १५ | १० | ‘आमटी सांडून पिशवी ओली झाली.’ |
| पैसे देण्यातील अडचण | ९ | ६ | ‘क्यूआर कोड चालला नाही आणि सुट्टे नव्हते.’ |
| केवळ ‘छान’, ‘ठीक’ | १८ | १२ | — |
| इतर | ६ | ४ | — |

एका अभिप्रायात अनेक विषय असू शकतात, म्हणून येथील बेरीज १९५ होते. ‘छान’ एवढेच लिहिणाऱ्यांना वगळण्याचा मोह होतो. पण त्यांना वगळले की भाजक १३२ होतो आणि उशिराची तक्रार ३० वरून ३४ टक्क्यांवर जाते, एकही नवी तक्रार न येता.

शेवटच्या रकान्यातील वाक्य निवडणे हे आकड्याइतकेच जोखमीचे काम आहे. गार जेवणाच्या ३६ अभिप्रायांत ‘आता बर्फच पाठवा!’ असा एक होता आणि पहिल्या वाचनात तोच उचलावासा वाटतो. पण उपरोधाने लिहिणारे त्या ३६ मध्ये फक्त दोघे होते, तर २५ जणांनी आमटी किंवा भात यांचे नाव घेतले होते. पोळीचा उल्लेख क्वचितच होता. म्हणून गटातील सारे अभिप्राय एकत्र वाचून त्यांत वारंवार येणारे तपशील टिपावेत आणि ते तपशील ज्यात साध्या स्वरात आले आहेत असे वाक्य घ्यावे. दोघांची वाक्ये जोडून एक करू नये, शुद्धलेखन सुधारू नये, आणि कचेरीचे नाव किंवा मजला यांसारखी ओळख पटवणारी माहिती मात्र काढावी.

तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट रकान्यांतून काढता येते. जेवण गार म्हणणाऱ्यांपैकी उशिराचीही तक्रार किती जणांनी केली, हे C मधील उशिराचा आणि D मधील गार जेवणाचा असे दोन रकाने एकत्र मोजून कळते.

```
=COUNTIFS(C2:C151,1,D2:D151,1)
```

उत्तर २१ आले. उरलेल्या १५ जणांना डबा वेळेवर मिळाला असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, कारण वेळेबद्दल न बोलणे म्हणजे वेळ पाळली गेल्याची साक्ष नव्हे. वाचून पाहिल्यावर त्यांपैकी ६ जणांनी ‘वेळेत आला, पण गार’ असे स्पष्ट लिहिलेले आढळले. बाईंच्या दृष्टीने हे सहा अभिप्राय ३६ च्या आकड्यापेक्षा अधिक बोलके आहेत: फक्त वेळ सुधारून भागणार नाही, आमटी-भाताच्या डब्याकडेही पाहावे लागेल. म्हणून त्या ओळीत यांतले एक वाक्य दुसरे म्हणून द्यावे आणि त्यापुढे ‘६ अभिप्राय’ असे लिहावे.

‘३० टक्के’ हा आकडा अभिप्रायांचा आहे, ग्राहकांचा नाही. ज्यांना राग आला किंवा फार आवडले तेच बहुधा लिहायला बसतात. गप्प राहून डबा बंद करणारे या तक्त्यात नाहीत. पैशांच्या अडचणीचे ९ आणि ‘इतर’चे ६ यांतील फरकावरही काही उभारू नये. पुढल्या महिन्याशी तुलना करायची असेल तर व्याख्या तीच ठेवावी, आणि मध्येच बदलली, उदाहरणार्थ कोमट ताक एका नव्या गटात घेतले, तर मागच्या महिन्याचे अभिप्रायही नव्या व्याख्येने पुन्हा वाचून काढावे लागतात.