आमचं प्रस्तावपत्र हातात आल्यावर

काम ठरण्याआधी आम्ही तुम्हाला दोन पानांचं एक पत्र पाठवतो. बरेच ग्राहक ते उघडून थेट शेवटी जातात, रक्कम बघतात आणि होय किंवा नाही कळवतात. पण रकमेच्या वर जे लिहिलेलं असतं, त्यावरच पुढचं सगळं काम उभं राहतं. ते कसं वाचायचं आणि कुठे आम्हाला अडवायचं, हे सांगण्यासाठी हे माहितीपत्रक.

उदाहरण फिजिओथेरपीच्या एका छोट्या क्लिनिकचं घेऊ. त्यांची मागणी एका ओळीची होती: "आम्हाला नवीन वेबसाइट हवी आहे." यावर लगेच रक्कम सांगता आली असती. आम्ही आधी विचारलं, वेबसाइट आत्ताच का हवी? उत्तर आलं, "पेशंट वेळ घेतात आणि येत नाहीत." मग आम्ही त्यांच्याकडून दोन गोष्टी मागवल्या: गेल्या आठवड्याची अपॉइंटमेंटची वही आणि त्याच आठवड्यातली फोनवरच्या मिस्ड कॉलची यादी. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर पत्राचा पहिला परिच्छेद असा झाला:

"तुमच्याकडे आठवड्याला साधारण 40 अपॉइंटमेंट असतात. गेल्या आठवड्यात त्यातल्या 9 रिकाम्या गेल्या. प्रत्येकी 45 मिनिटं धरली, तर पावणेसात तास. या 9 जणांपैकी 5 जणांनी आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता, पण उपचार चालू असल्याने तो उचलला गेला नाही. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांना येणार नसल्याचं कळवायचं होतं आणि कळवायला वाट नव्हती. उरलेले 4 जण विसरले असावेत, असा आमचा अंदाज आहे."

हा परिच्छेद सगळ्यात सावकाश वाचा. यात आमचा अनुभव, आमची जुनी कामं यांचा उल्लेख मुद्दाम नसतो. तुमची अडचण आम्हाला जशी समजली तशी ती लिहिलेली असते, आणि ती चुकीची समजली असेल तर खालची प्रत्येक ओळ चुकणार. या क्लिनिकने तेच केलं. त्यांनी परिच्छेदाखाली पेनने लिहून पाठवलं: "आमच्याकडे दोन फिजिओ आहेत, एकाच वेळी दोन पेशंट असू शकतात." वहीत एकच रकाना होता, म्हणून आम्ही एक धरून चाललो होतो. ही एक ओळ आली नसती, तर एका वेळी एकच पेशंट घेणारी व्यवस्था आम्ही बांधून दिली असती आणि ती पहिल्याच दिवशी अडली असती. दुरुस्तीमुळे कामाचे दोन दिवस वाढले. ते कागदावर असतानाच वाढले, हे बरं झालं.

अडचण अशी दिसल्यावर नवीन वेबसाइटची गरजच उरली नाही. पत्रातला पुढचा भाग, म्हणजे आम्ही तुमच्या हातात नेमकं काय देणार, त्यातून आपोआप आला. एक पान, जिथे पेशंट वेळ घेऊ शकेल, बदलू शकेल आणि रद्द करू शकेल. आदल्या दिवशी आपोआप जाणारा आठवणीचा मेसेज, ज्यात रद्द करण्याची लिंक असेल. रिसेप्शनसाठी दोन्ही फिजिओंची दिवसाची यादी दाखवणारी स्क्रीन. आणि ती वापरायला शिकवण्याचा एक तास.

प्रत्येक गोष्टीसमोर ती पूर्ण झाली हे कशावरून ठरवायचं, तेही आम्ही लिहितो. मेसेजसमोर लिहिलं होतं: "चाचणीसाठी घेतलेल्या 10 अपॉइंटमेंटचे 10 मेसेज ठरलेल्या वेळी पोचले आणि लिंकवरून रद्द केलेली वेळ यादीत लगेच मोकळी दिसली, की हे काम पूर्ण." मेसेज जाईल, लिंक चालेल, रद्द झालेली वेळ दिसेल, एवढ्याची हमी आम्ही देतो. पेशंट येतीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. "रिकाम्या वेळा निम्म्याने कमी करून देऊ" असं पत्रात लिहिणाऱ्याला विचारा, तसं झालं नाही तर काय?

त्याखाली "यात नाही" असा भाग असतो. तो वाचून काही जणांना वाटतं की आम्ही हात आखडता घेतोय. तो आम्ही एका चुकीतून शिकलो. एका जुन्या पत्रात आम्ही फक्त "बुकिंगचं पान" असं लिहिलं होतं. ग्राहकाने धरलं की त्यात पैसे भरण्याची सोय असेल, आम्ही धरलं की नसेल. दोघंही प्रामाणिक होतो आणि दोघांचेही तीन आठवडे वाया गेले. म्हणून क्लिनिकच्या पत्रात स्पष्ट लिहिलं: ऑनलाइन पैसे घेण्याची सोय नाही, जुन्या वहीतल्या नोंदी आम्ही भरणार नाही, सध्याच्या वेबसाइटच्या दिसण्यात बदल नाही आणि मेसेज पाठवणाऱ्या सेवेचं बिल तुमच्याकडे. या यादीतलं काही तुम्हाला हवंच असेल, तर त्याच वेळी सांगा. तेव्हा ते जोडणं सोपं असतं.

आता वेळापत्रक. आम्ही तारखा न लिहिता कामाचे दिवस लिहितो, आणि पहिला दिवस तुमच्याकडून माहिती पूर्ण आल्यावरच मोजतो. क्लिनिकच्या बाबतीत ही माहिती म्हणजे उपचारांचे प्रकार, प्रत्येकाला लागणारा वेळ आणि सुट्ट्यांची यादी. एकूण 27 दिवस ठरले. पहिले 5 दिवस कच्ची मांडणी, 2 दिवस तुमचं मत, 10 दिवस बांधणी, 3 दिवस रिसेप्शनने खऱ्या अपॉइंटमेंट घालून बघणं, 4 दिवस दुरुस्त्या, 1 दिवस शिकवणी आणि शेवटचे 2 दिवस राखीव.

यातले 5 दिवस तुमचे आहेत, हे लक्षात असू द्या. मत द्यायला चार दिवस उशीर झाला, तर काम चार दिवसांनी पुढे जातं. दहा दिवसांहून जास्त थांबावं लागलं, तर आम्हाला नवी तारीख ठरवावी लागते, कारण तोवर दुसऱ्या कोणाची पाळी आलेली असते. आणखी एक गोष्ट आपल्या दोघांच्याही हातात नसते: मेसेज सेवेचं खातं तुमच्या नावावर उघडून मजकुराला मंजुरी मिळवणं. म्हणून तो अर्ज आम्ही पहिल्याच दिवशी करायला सांगतो. सगळं तयार आणि मंजुरी बाकी, अशी अवस्था आली, तर उरलेलं काम हातात देऊन मेसेज नंतर जोडतो. हेही पत्रात लिहिलेलं असतं.

पैशांबद्दल थोडक्यात: 30 टक्के सुरुवातीला, 40 टक्के रिसेप्शनच्या हातात चाचणी गेल्यावर, 30 टक्के शिकवणी झाल्यावर. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या त्यातच. मान्य झालेल्या पत्रात नसलेली नवी मागणी आली, तर आधी अर्ध्या पानाची पुरवणी पाठवतो आणि तुमचा होकार लेखी आल्याशिवाय ते काम सुरू करत नाही.

पत्र 21 दिवस लागू असतं. त्या मुदतीत पहिल्या परिच्छेदात जे खटकेल त्याखाली रेघ ओढून फोटो पाठवा. सुधारलेलं पत्र दोन दिवसांत येईल, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत.