जिना चढून डोंगर निम्माच सर होतो

मुंबईत डोंगरी शर्यतीची तयारी करणारे बहुतेक जण टॉवरचा जिना चढतात. त्यांना सोसायटीत हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘चढा, पण उतरताना लिफ्टने या, गुडघे जपा.’ ज्याचा गुडघा आधीच दुखावलेला आहे त्याच्यासाठी तो योग्यच आहे. पण धडधाकट धावपटूने तो कायम पाळला, तर तयारीतला सर्वांत मोलाचा भाग हातचा जातो.

कळसूबाईचं उदाहरण घेऊ. शिखर 1646 मीटरवर आहे आणि पायथ्याच्या बारी गावापासून चढाई सुमारे 900 मीटर. वीस मजली इमारतीत मजला तीन मीटरचा धरला तर एका फेरीत 60 मीटर चढून होतात, म्हणजे पंधरा फेऱ्यांत कळसूबाईची उंची भरते. दम आणि पोटऱ्या यांची तयारी इथे चोख होते. पण शिखरावरून तेवढेच 900 मीटर खालीही यायचं असतं. सोळा सेंटीमीटरच्या पायरीने मोजलं, तर एकेका पायाला सुमारे 2800 वेळा शरीराचं वजन झेलून ब्रेक लावावा लागतो.

हा ब्रेक मांडीच्या पुढच्या स्नायूंचा. चढताना हे स्नायू आखडत जोर लावतात. उतरताना खालच्या पायरीकडे जाताना वरच्या पायाचा गुडघा वाकत जातो आणि तोच स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. स्नायूतंतूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकलेले असतात, मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडून ओढतात. चढताना प्रत्येक पकड सोडवायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं. उतरताना वजनच बऱ्याच पकडी हिसकून सोडवतं. म्हणून इंधन कमी लागतं, आणि एकेक तंतू जास्त जोर पेलत असल्याने तेवढ्याच कामाला कमी तंतू पुरतात.

ॲबट, बिग्लंड आणि रिची या शास्त्रज्ञांनी 1952 साली हे फार सुंदर रीतीने दाखवलं. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने विरोध करायचा. दोघांच्या पायांवर जोर सारखाच, पण विरोध करणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन कितीतरी कमी निघाला.

घोटाळा इथेच होतो. उतरताना धाप लागत नाही, घड्याळावर हृदयाचे ठोके कमी दिसतात, म्हणून व्यायाम हलका वाटतो. पण थोड्याच तंतूंवर सगळा भार पडलेला असतो. त्यांतले कमजोर दुवे वाजवीपेक्षा जास्त ताणले जाऊन बिघडतात, सूज येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दादरचा पूल उतरताना कठडा धरावा लागतो. याला ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ म्हणतात ते चूक. रक्तातलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं, त्यामुळे ते मालिशने ‘बाहेर काढण्याचे’ दावे पैसे उकळण्यापुरतेच.

खरी गंमत पुढची आहे. अशा इजेचा एक छोटा डोस मिळाला की पुढच्या वेळी तेवढ्याच उतारात इजा बरीच कमी होते, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. त्यामागे नसा भार जास्त तंतूंत वाटून देतात, स्नायूभोवतीची जाळी बळकट होते, अशी एकाहून अधिक कारणं आहेत.

म्हणून पहिल्या आठवड्यात आठ फेऱ्या चढा, त्यांतल्या दोनच पायी उतरा, बाकी लिफ्टने. दुखणं पूर्ण ओसरल्यावर, पुढच्या आठवड्यात चार, मग सहा, मग नऊ. नऊ म्हणजे 540 मीटर उतार झाला. कठड्यावर भार न टाकता, एकेक पायरी, गुडघा हळू वाकवत उतरा. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी संपवा, म्हणजे स्नायू भरून येतील आणि संरक्षणही शाबूत राहील.

मांडीच्या मध्यावर, दोन्ही पायांत सारखं पसरलेलं दुखणं अपेक्षित आहे. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा एकाच बाजूला टोचत असेल तर उतार थांबवा. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण स्नायू फार मोडून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात उतरलेलं असू शकतं.

जिन्याची मर्यादाही आहे. प्रत्येक पायरी सारखी, आणि अर्ध्या मजल्यावर वळण आलं की वेग मोडतो. सुटे दगड, मुरमाची घसरण आणि धावत्या पावलाचा धक्का घोट्याला तिथे भेटतच नाहीत. त्यासाठी महिन्यातून एकदा तरी पहाटेची कर्जत किंवा कसारा लोकल पकडून एखादा गड उतरायलाच हवा.