पाठ, छाती व खांद्यांवरील घामाचे मुरूम

घाम, उष्णता आणि कपड्यांचे किंवा पट्ट्यांचे घर्षण एकत्र आले की पाठीवर, छातीवर व खांद्यांवर येणारे किंवा वाढणारे मुरूम. या भागांत तैलग्रंथी मोठ्या आणि दाट असतात. घाम मात्र वेगळ्या ग्रंथींतून येतो आणि एकटा मुरूम आणत नाही. ओलसर त्वचेवर घट्ट कपडा घासत राहिला की रोमकूपाच्या तोंडाशी दाह होतो, मृत पेशी व तेल आत अडकते आणि मुरूम उठतो. घर्षणातून येणाऱ्या या प्रकाराचे वर्णन मिल्स व क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये केले.

तो बहुधा जागेवरूनच ओळखता येतो. रोज पाठीला सॅक लावून सायकल चालवणाऱ्याच्या खांद्यांवर पट्ट्यांच्या रेषेत आणि पाठीवर सॅक टेकते तेवढ्याच भागात पुरळ दिसते, कमरेजवळची त्वचा स्वच्छ असते. अशा वेळी साबण बदलून फारसे साधत नाही. सॅक कॅरिअरवर बांधावी, आत सैल, घाम शोषणारा कपडा घालावा आणि पोहोचताच तो बदलावा. घामेजलेला कपडा वाळवून पुन्हा घालू नये, कारण घाम व तेल त्यातच राहते.

व्यायामानंतर शक्य तितक्या लवकर कोमट पाण्याने अंघोळ करावी. ते जमत नसेल तर ओल्या कपड्याने घाम टिपून कोरडा कपडा घालावा. केस आधी धुवावेत आणि पाठ शेवटी, म्हणजे कंडिशनरचा तेलकट थर पाठीवर राहत नाही. खरखरीत घासणीने पाठ रगडणे ही नेहमीची चूक आहे: ते पुन्हा घर्षणच, आणि मुरूम त्याने चिघळतात.

औषधी वॉशपैकी बेंझॉइल पेरॉक्साइडचा उपयोग अधिक होतो. पाठीची त्वचा जाड असली तरी सुरुवात ४ ते ५ टक्क्यांच्या वॉशने करावी. तो लावून दोन ते पाच मिनिटे ठेवावा व नीट धुवावा. सुरुवातीला एक दिवसाआड पुरे. रंगीत टॉवेल व कपड्यांचा रंग तो उडवतो, म्हणून पांढरे वापरावेत. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. बरेच जण त्याआधीच सोडून देतात.

सगळे पुरळ मुरूमच असते असे नाही. एकाच आकाराच्या बारीक, खूप खाजणाऱ्या पुळ्या छातीवर व पाठीवर उठल्या आणि काळ्या-पांढऱ्या टोकाचे मुरूम अजिबात नसले, तर रोमकूपातल्या मॅलॅसेझिया यीस्टची शंका घ्यावी. त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत, उलट त्यांनी ते वाढू शकते. उपचार बुरशीनाशकाचा लागतो. खोल, दुखऱ्या गाठी किंवा व्रण राहत असल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.