घरगुती लोणच्यातील बोट्युलिझमचा धोका

घरी घातलेल्या लोणच्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते, पण सरसकट सगळ्या लोणच्यांतून नाही. लिंबासारख्या मुळात आंबट फळाच्या किंवा भरपूर मिठाच्या लोणच्यात हा धोका जवळजवळ नसतोच. तो असतो लसूण, मिरची, गाजर, उकडलेली अंडी अशा आंबट नसलेल्या पदार्थांत, आणि तोही खार, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस फोडीच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्याआधी हवा तुटली तर. म्हणून बरणीतला रस किती आंबट लागतो यावरून फार काही कळत नाही. फोड आतून किती आंबट झाली आहे, हे पाहावे लागते.

हा आजार क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या विषामुळे होतो. जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त आणि टणक रूपे, मातीत सर्वत्र असतात आणि मातीत किंवा मातीलगत वाढणाऱ्या भाजीबरोबर घरात येतात. ते गिळले तरी निरोगी मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. मात्र प्राणवायू नाही, ओलावा आहे, ऊब आहे आणि आंबटपणा कमी आहे अशी जागा मिळाली की बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि विष तयार होते. घरी भाजी कितीही उकळली तरी बीजाणू मरतीलच असे नाही, कारण त्यासाठी प्रेशर कुकरसारख्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियस तापमान काही मिनिटे टिकवावे लागते. विष मात्र त्या मानाने नाजूक असते आणि दहा मिनिटे नीट उकळल्यास नष्ट होते. लोणचे कोणी उकळून खात नाही, ही त्यातली अडचण.

आंबटपणा सामूने, म्हणजे पीएचने मोजतात. आकडा जितका कमी तितका पदार्थ जास्त आंबट. सामू ४.६ किंवा त्याखाली असेल तर हे बीजाणू रुजत नाहीत. ते मरत नाहीत, नुसते पडून राहतात. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो, लसणाचा ५ च्या वर.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९९७ मध्ये घडलेली एक घटना या बाबतीत फार शिकवणारी आहे. एका ६८ वर्षांच्या गृहस्थांनी अंडी उकडून सोलली, टूथपिकने टोचली आणि बीट, तिखट मिरच्या व व्हिनेगरसह काचेच्या बरणीत भरली. बरणी फ्रिजबाहेरच होती आणि तिच्यावर अधूनमधून ऊनही येत होते. सुमारे आठवड्याने त्यांनी ती अंडी खाल्ली. मळमळ आणि उलट्यांबरोबर एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या आणि पुढे त्यांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. तपासणीत बरणीतल्या द्रवाचा सामू ३.५ निघाला, म्हणजे अगदी सुरक्षित. विष मात्र अंड्याच्या बलकात द्रवापेक्षा कितीतरी जास्त होते. बलकाचा स्वतःचा सामू ६ च्या वर असतो. शिवाय तो घट्ट असतो आणि आत शिरणारे आम्ल बऱ्याच अंशी जिरवून टाकतो. टोचलेल्या भोकांतून जिवाणू आत गेले असावेत. आत हवा नव्हती, उन्हाची ऊब होती आणि व्हिनेगर अजून वाटेतच होते. हेच अंडे सुरुवातीपासून फ्रिजमध्ये मुरले असते, तर आम्लाला आत शिरायला वेळ मिळाला असता.

मिठाचे काम वेगळे. मीठ पाणी बांधून ठेवते आणि जिवाणूला ते वापरता येत नाही. एकट्या मिठाच्या भरवशावर राहायचे तर पदार्थातल्या पाण्याच्या हिशेबाने ते सुमारे १० टक्के लागते. एक किलो मिरचीत साधारण ९०० ग्रॅम पाणी धरले, तर त्यासाठी १०० ग्रॅम मीठ हवे. तब्येतीसाठी म्हणून ते ४० ग्रॅमवर आणले, की प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आत येते आणि मीठ एकटे पुरत नाही. आंबवलेल्या लोणच्यात दोन-तीन टक्के मीठ चालते, पण तिथे राखणदार मीठ नसून आम्ल असते. तेवढे मीठ लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना आघाडी मिळवून देते आणि ते काही दिवसांत सामू ४.६ च्या खाली नेतात. मीठ कमी करायचे असेल तर आंबटपणा वाढवावाच लागतो. पाककृतीतले व्हिनेगर पाणी घालून पातळ करणे ही नेमकी उलटी चूक आहे.

तेलाबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहे. तेलाचा थर हवा अडवतो, त्यामुळे वर बुरशी धरत नाही आणि लोणचे टिकले असे वाटते. पण बोट्युलिनमला हवेचा अभावच हवा असतो. तेल स्वतः आंबट नसते, बीजाणू मारत नाही आणि फोडीतले पाणीही काढून घेत नाही. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हरमध्ये एका उपाहारगृहात तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. त्या लसणात आम्ल घातलेले नव्हते आणि बाटली फ्रिजबाहेर राहिली होती. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातही तशाच लसणाने तिघे आजारी पडले आणि त्यानंतर अमेरिकेत विक्रीच्या अशा लसणात आम्ल घालणे सक्तीचे झाले.

लसूण तेलात घालायचाच असेल तर क्रम महत्त्वाचा. पाकळ्या पाव इंचापेक्षा बारीक चिराव्यात. सायट्रिक आम्लाच्या ३ टक्के द्रावणात, म्हणजे एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम, लसणाच्या तिप्पट वजनाचे द्रावण घेऊन त्या २४ तास बुडवून ठेवाव्यात. मग निथळून तेलात घालाव्यात. आधी तेल आणि वरून लिंबू पिळले तर उपयोग होत नाही. रस तेलात मिसळत नाही, तळाशी बसतो आणि तेलाने माखलेल्या फोडीत सहज शिरत नाही. आम्लात न भिजवलेला लसूण तेलात घातलाच, तर तो फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा.

घरी तपासायचे असेल तर फोडी निथळून, तेल पुसून, थोड्या शुद्ध पाण्याबरोबर वाटाव्यात आणि त्या वाटणाचा सामू मोजावा. मसाल्याच्या रंगात कागदी पट्टी नीट वाचता येत नाही, तेव्हा साधा पीएच मीटर बरा. आकडा ४.२ च्या आसपास किंवा खाली आला तर मोजणीतली चूक धरूनही अंतर राहते. वर बुरशी दिसली तर ती खरवडून उरलेले वापरू नये, कारण काही बुरशी आम्ल खातात आणि खालच्या थरातला सामू पुन्हा वर चढतो.

वास, चव किंवा रंग यांवर विसंबता येत नाही. फुगलेले झाकण हा इशारा आहे खरा, पण साध्या आंबण्यानेही वायू होतो आणि विषारी बरणी दिसायला अगदी चांगलीही असू शकते. शंका असेल तर चाखून पाहू नये, कारण विषाची अत्यल्प मात्राही पुरते. लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, कधी कित्येक दिवसांनी. पापण्या जड होतात, दोन-दोन दिसते, तोंड कोरडे पडते, बोलणे अडखळते, घास उतरत नाही आणि मग अशक्तपणा वरून खाली हातापायांकडे सरकतो. ताप सहसा नसतो आणि माणूस शुद्धीवर असतो, त्यामुळे कधी कधी पक्षाघात किंवा दुसराच मज्जाविकार समजून उपचार सुरू होतात. प्रतिविष नव्याने होणारी हानी थांबवते, पण नसांना आधीच चिकटलेले विष सोडवू शकत नाही. म्हणून रुग्णालयात जाताना काय खाल्ले ते सांगावे आणि बरणी न धुता झाकण लावून तपासणीसाठी जपून ठेवावी.